लिंक्डइनसाठी ३० सेकंदांचा स्वतःच्या ओळखीचा व्हिडिओ: काय बोलायचं, काय गाळायचं?

वैदेही_चाकण
नमस्कार मंडळी, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे, साडेतीन वर्षं झाली, आता सप्लायर क्वालिटीमध्ये जायचंय. एका मैत्रिणीने सांगितलं की लिंक्डइनवर अर्ध्या मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ टाक, रिझ्युमे उघडायच्या आधी लोक तो बघतात. बोलणार इंग्रजीतच आहे पण आधी मराठीत लिहून काढलंय म्हणजे मुद्दे नीट बसतात का ते कळेल. हे बघा:

"नमस्कार, माझं नाव वैदेही. मी मूळची कराडची, सध्या चाकणला असते. मी मेकॅनिकलमध्ये बीई केलंय, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. सध्या एका नामांकित ऑटो कंपोनंट कंपनीत साडेतीन वर्षं क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम करते. मला पीपीएपी, एपीक्यूपी, एफएमईए, एसपीसी, एमएसए, एटडी, सेव्हन क्यूसी टूल्स, कायझेन आणि फाइव्ह एस याचं चांगलं ज्ञान आहे. मी मेहनती आहे, टीम प्लेयर आहे आणि लवकर शिकते. मला वाचन आणि ट्रेकिंगची आवड आहे. मी चांगल्या संधीच्या शोधात आहे. धन्यवाद."

मोबाइलवर टायमर लावला तर इंग्रजीत ४५ च्या पुढे जातंय. फास्ट बोलू का काही काढू? आणि काढायचं तर काय, सगळंच महत्त्वाचं वाटतंय.

खटपट्या
इंग्रजी सावकाश म्हणजे मिनिटाला साधारण १५० शब्द, म्हणजे ३० सेकंदांत ७५. वर्डमध्ये टाइप कर, ७५ च्या खाली आण, संपलं. आणि व्हिडिओ प्रोफाइल फोटोत टाक, फोटोभोवती केशरी रिंग येते, कोणी आलं की आपोआप चालू होतो.

निवृत्त_नाना
वैदेही, तू लिहिलेलं अगदी योग्य आहे. मी बरीच वर्षं कॉलेजात मुलांना कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करून घेत असे. क्रम ठरलेला आहे: नाव, गाव, शिक्षण, अनुभव, कौशल्यं, छंद, आभार. यात नम्रता दिसते आणि समोरच्याला तुमची पूर्ण ओळख होते. फक्त वडिलांचा व्यवसाय एका वाक्यात घाल, आपल्याकडे विचारतात. वेळ जास्त होत असेल तर ४५ सेकंद राहू दे, पाव मिनिटाने कोणाचं काय बिघडणार आहे.

भरतीवाली_मावशी
नाना, तुमचा क्रम समोरासमोरच्या इंटरव्ह्यूला ठीक, तिथे समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. इथे अंगठा फिरला की तुम्ही गेलात.

मी पुण्यात मॅन्युफॅक्चरिंगची भरती करते, बऱ्यापैकी वर्षं झाली. वैदेही, तुझा व्हिडिओ मी कुठे बघणार ते आधी डोळ्यासमोर आण. मी तुझ्या प्रोफाइलवर आहे. व्हिडिओच्या आजूबाजूला तुझं नाव लिहिलंय, त्याखाली हेडलाइनमध्ये क्वालिटी इंजिनिअर लिहिलंय, कंपनी, कॉलेज, गाव सगळं लिहिलेलं आहे. आणि तू ३० मधले १५-१६ सेकंद मला तेच वाचून दाखवतेस. मग पाच सेकंद नऊ संज्ञांची माळ, जी स्किल्समध्ये आहेच आणि तुझ्यासारख्या प्रत्येकाच्या प्रोफाइलवर असते. मेहनती आणि टीम प्लेयर हे तर न बोललेलंच बरं, आळशी आहे असं अजून तरी कोणी मला सांगितलेलं नाही.

म्हणजे पानावर जे नाही ते एकही वाक्य यात नाही. रिझ्युमेत जे मावत नाही ते व्हिडिओत घाल: तू समोर एखादा प्रॉब्लेम आला की कसा विचार करतेस आणि तो दुसऱ्याला कसा सांगतेस. सप्लायर क्वालिटीचा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात उभा राहून, ज्यांना तो नको असतो अशा लोकांशी बोलत असतो. तू सरळ आणि शांतपणे बोलू शकतेस का, हे मला ३० सेकंदांत कळतं, पीपीएपी येतं का ते कळत नाही.

खटपट्या, ७५ शब्द कागदावर. पीपीएपी वर्डला एक शब्द दिसतो, तोंडाला चार अक्षरं लागतात. आकड्यात लिहिलेल्या 'थ्री अँड अ हाफ यर्स'चंही तसंच. अशी सामग्री असेल तर ६०-६५ ला थांबावं, आणि शब्द मोजत बसण्यापेक्षा मोठ्याने वाचून घड्याळ लावावं. २७ सेकंदांत संपायला हवं, सुरुवातीला बटण दाबून श्वास घ्यायला आणि शेवटी थांबायला थोडं लागतंच.

खटपट्या
मावशी मान्य. पण फास्ट बोलली तर?

भरतीवाली_मावशी
तर घाबरलेली वाटेल.

उकडीचा_मोदक
केशरी रिंग माझ्या अ‍ॅपमध्ये कुठेच दिसत नाहीये, फोटोवर टॅप केलं तर फक्त फोटो बदला असं येतं. कोणाला माहीत आहे का?

भरतीवाली_मावशी
२०२१ मध्ये लिंक्डइनने कव्हर स्टोरी म्हणून ते आणलं होतं, फोटोच्या गोलात आधी काही क्षण आवाजाशिवाय हलतं चित्र दिसायचं आणि दाबलं की पूर्ण व्हिडिओ. ३० सेकंदांची मर्यादा त्यातलीच, तिथून हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. तुला दिसत नसेल तर शोधत बसू नकोस. साधी पोस्ट म्हणून व्हिडिओ टाक आणि ती पोस्ट प्रोफाइलच्या फीचर्डमध्ये लाव. मला तेच बरं वाटतं, कारण पोस्टवर वर दोन ओळी लिहिता येतात आणि दुसऱ्याला पाठवताही येते.

पोस्टला मर्यादा मोठी असते म्हणून नानांना वाटेल ४५ चालेल. चालेल, पण मी बघणार नाही :) एका जागेसाठी बरीच प्रोफाइल उघडते, माझी सवय सांगते, पहिले चार-पाच सेकंद आवाजाशिवाय बघते कारण ऑफिसात बसलेली असते, फीडमध्येही व्हिडिओ म्यूटच सुरू होतात. तेवढ्यात काही हाती लागलं तर आवाज चालू करते.

कोरडा_विनोद
मी धाग्याचं नाव घाईत वाचून आलो, वाटलं वधूवर मंडळासाठी व्हिडिओ. नानांचा क्रम त्यासाठी एक नंबर आहे, वडिलांच्या व्यवसायासकट.

निवृत्त_नाना
विनोद, हसा हसा. पण माणसाने आधी नाव सांगावं ही साधी रीत आहे. नाव न सांगता एकदम कामाचं बोलायला सुरुवात करायची म्हणजे फोन उचलल्यावर हॅलोसुद्धा न म्हणण्यासारखं.

भरतीवाली_मावशी
नाना, नाव सांगायचंच, फक्त दुसऱ्या वाक्यात. बातम्यांत बघा, आधी बातमी येते, मग बातमीदाराचं नाव.

एसक्यू_दादा
मी सप्लायर क्वालिटीतच आहे, माझ्या टीमसाठी माणसं घेतो. मावशींच्या बोलण्याला जोड देतो. वैदेही, तू गेल्या वर्षभरात सोडवलेला एक प्रॉब्लेम इथे साध्या भाषेत लिही. प्रॉब्लेम सॉल्व्हिंगच्या ठरलेल्या एटडी फॉरमॅटमध्ये नको, घरी आईला सांगशील तसा.

वैदेही_चाकण
बरं दादा. आमच्याकडे एक ब्रॅकेट आहे, त्याचं बोअर म्हणजे पिनचं भोक अधूनमधून लहान येत होतं, कस्टमरकडे असेंब्लीत पिन बसायची नाही आणि तक्रार यायची. दर वेळी आमच्याकडे ऑपरेटरला समज दिली, शंभर टक्के तपासणी लावली असं उत्तर जायचं आणि थोड्या दिवसांनी परत तेच. मी एअर गेजची रीडिंग शिफ्टप्रमाणे न लावता इन्सर्ट, म्हणजे ते भोक कापणारं टोक, बदलल्यापासून कितवा पार्ट आहे त्या क्रमाने लावली तेव्हा दिसलं की इन्सर्ट झिजत जाईल तसं बोअर हळूहळू खाली सरकतंय आणि इन्सर्ट बदलायच्या आधीचे शेवटचे पार्ट लिमिटच्या बाहेर जातायत. ऑपरेटरचा काही दोष नव्हता, ज्याच्या शिफ्टला इन्सर्टचा शेवट यायचा तो शिव्या खायचा. इन्सर्ट बदलायचा काउंट खाली आणला आणि मधे ऑफसेट द्यायची पायरी घातली. त्यानंतर त्या बोअरची तक्रार आलेली नाही.

एसक्यू_दादा
हे घ्या! हे सोडून तू मला फाइव्ह एस आणि ट्रेकिंग सांगत होतीस?

यात काय काय आहे बघ. तू ऑपरेटरवर ढकललं नाहीस. तोच डेटा वेगळ्या क्रमाने लावलास. कारण मशीनशी जुळतंय, बोरिंगमध्ये इन्सर्ट झिजलं की बोअर लहानच होतं, म्हणजे बाई खरं बोलतेय हे मला ऐकताच कळतं. आणि तक्रार थांबली. हे ऐकून मी लगेच विचारणार की काउंट किती होता, किती केला, इन्सर्टचा खर्च वाढला त्याला प्रॉडक्शनवाले तयार कसे झाले. ते व्हिडिओत सांगू नकोस. ते मला विचारावंसं वाटलं म्हणजे फोन आला.

भरतीवाली_मावशी
एकदम बरोबर. आता हे ३० मध्ये बसवू. माझा साधारण हिशोब असा, मिनिटकाटा घेऊन मागे लागू नका पण अंदाज म्हणून: पहिल्या पाच सेकंदांत तुझं काम काय ते एका वाक्यात, मग तीनेक सेकंद नाव आणि अनुभव, मग बारा-तेरा सेकंद तो एकच किस्सा, मग पाच सेकंद तुला पुढे काय हवंय आणि कुठे, आणि शेवटचं छोटं वाक्य की आता बघणाऱ्याने काय करायचं. किस्स्याला निम्मा वेळ. लोक तिथेच काटकसर करतात आणि स्किल्सवर उधळतात.

पहिल्या वाक्यात हल्ली एक फॅशन आहे, प्रश्न विचारायचा, 'तुम्हालाही चांगला क्वालिटी इंजिनिअर मिळत नाहीये का?' तसलं करू नकोस, जाहिरात वाटते. काम सांग.

वैदेही_चाकण
लिहून बघितलं:

"कारखान्यातून ओके म्हणून गेलेला पार्ट कस्टमरकडे का अडकला, ते शोधणं हे माझं काम. मी वैदेही, साडेतीन वर्षं ऑटो पार्ट्समध्ये क्वालिटी इंजिनिअर आहे. आमच्या एका ब्रॅकेटचं बोअर लहान येत होतं आणि दोष ऑपरेटरला जायचा. मी रीडिंग इन्सर्टच्या वयाप्रमाणे लावली तेव्हा कळलं की शेवटचे पार्टच बाहेर जातात. आम्ही इन्सर्ट लवकर बदलायला लागलो, नंतर तक्रार नाही. आता हेच काम सप्लायरकडे जाऊन करायचंय, पुण्यात किंवा नाशिकला. माझा प्रॉब्लेम सॉल्व्हिंग रिपोर्ट फीचर्डमध्ये आहे, बघून मेसेज करा."

हे इंग्रजीत केलं तर ३३ सेकंद होतायत. कुठे कापू?

एसक्यू_दादा
'आमच्या एका ब्रॅकेटचं' मधलं 'आमच्या' काढ, ते कारण खाली सांगतो. 'दोष ऑपरेटरला जायचा' ठेव, काहीही झालं तरी ते काढू नकोस, सप्लायरकडे गेल्यावर पहिलं उत्तर तेच मिळतं आणि तुला त्याच्या पलीकडे जाता येतं हे त्यातून दिसतं. अनुभवाचं वाक्य आखूड कर, 'ऑटो पार्ट्समध्ये' काढलंस तरी चालेल, ब्रॅकेट आणि बोअर ऐकून कळतंच. 'बघून मेसेज करा' पण काढ, 'रिपोर्ट खाली आहे' एवढंच पुरे.

भरतीवाली_मावशी
आणि पहिलं वाक्य इंग्रजीत करताना त्यात दोन 'व्हिच' आणि एक 'दॅट' येईल, जीभ अडखळेल. तीन वाक्यं कर. पार्ट ओके म्हणून जातो. कस्टमरकडे अडकतो. का, ते मी शोधते. छोटी वाक्यं मधे थांबून बोलता येतात आणि कॅप्शनमध्येही एकेका ओळीत बसतात.

खटपट्या
कॅप्शनवरून आठवलं, आपोआप येणाऱ्या कॅप्शनवर सोडू नका. आपले उच्चार आणि त्यात टेक्निकल शब्द, 'बोअर'चं तिकडे रानडुक्कर होतं, स्पेलिंग बघा म्हणजे कळेल. स्वतःची फाइल बनवा, नोटपॅडमध्ये होते, .srt नावाने सेव्ह करायची आणि कॉम्प्युटरवरून पोस्ट करताना जोडायची:

```
1
00:00:00,300 --> 00:00:02,200
The part leaves as OK.

2
00:00:02,200 --> 00:00:04,800
It fails at the customer. I find out why.
```

सेकंदानंतर स्वल्पविराम आहे, टिंब नाही, तिथेच सगळ्यांचं चुकतं आणि फाइल घेत नाही. दोन तुकड्यांच्या मधे एक ओळ रिकामी.

सुरेखा_अंबरनाथ
मधेच येते, माफ करा. मी आठ वर्षं अकाउंट्समध्ये होते, मग मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण, एकूण सहा वर्षांची गॅप पडली. आता परत सुरुवात करायचीय. मी व्हिडिओत गॅपचं कारण पहिल्यांदाच सांगून टाकावं ना? म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. मी तसा केलाय पण त्यात वीस सेकंद तेच गेलेत.

निवृत्त_नाना
सुरेखाताई, प्रामाणिकपणे सांगितलंत तर लोक समजून घेतात. सांगाच.

भरतीवाली_मावशी
सुरेखाताई, लपवू नका, पण वीस सेकंद सफाई देऊ नका. तुम्हीच तुमच्या ओळखीचा विषय गॅप करून टाकलात. एक वाक्य: सहा वर्षं घर सांभाळलं, आता पूर्णवेळ कामाला तयार आहे. आजारपण, कोणाचं, काय झालं, काही नको. ते वाक्यही शेवटाकडे, तुम्हाला काय हवंय ते सांगताना. त्याआधी आठ वर्षांतलं एक काम. तुम्ही गेलात तेव्हा जीएसटी होता का?

सुरेखा_अंबरनाथ
हो, २०१७ ला आला तेव्हा मीच होते, जुन्या व्हॅटमधून सगळं नव्यात आणायचं काम माझ्याकडे होतं. रात्री नऊ नऊ वाजायचे. पण आता त्याला कोण विचारतंय, पोर्टल किती बदललंय.

भरतीवाली_मावशी
अहो तोच तुमचा किस्सा! सगळ्यांना नवीन होतं तेव्हा तुम्ही स्वतः शिकून ते उभं केलंत, तर आत्ताचे बदल शिकाल हे न सांगता कळतं. मात्र आत्ताचं काही केलं असेल तर ते जोडायलाच हवं, नाहीतर मी म्हणणार २०१७ चं सांगताय.

सुरेखा_अंबरनाथ
शेजारच्या मेडिकलवाल्याचे रिटर्न मीच भरते हल्ली. पण पैसे घेत नाही, ते सांगायचं का?

उकडीचा_मोदक
सुरेखाताई आधी त्याच्याकडून पैसे घ्या.

भरतीवाली_मावशी
सांगायचं, पैशाचा उल्लेख न करता. 'सध्या एका दुकानाचे जीएसटी रिटर्न भरते.' खरं आहे आणि पुरेसं आहे.

न्यूजर्सीकर
इकडचं सांगतो. अमेरिकेत रिझ्युमेला फोटो किंवा व्हिडिओ जोडून पाठवू नका, बऱ्याच कंपन्यांना ते नकोच असतं. वर्ण, वय, मूळ देश यावरून भेदभाव केला असा आरोप नको म्हणून एचआर ते बाजूला ठेवतं. प्रोफाइलवर असेल तर चालतं, अर्जात नको. इकडे यायचा विचार असेल त्यांनी लक्षात ठेवा. बाकी तिकडे चाकणमध्ये एवढ्याची गरज आहे का? माझ्या वेळी गेटवर बायोडेटा देऊन यायचो.

भरतीवाली_मावशी
गेटवर आता क्यूआर कोड आहे, दादा. पण प्रश्न योग्य आहे. व्हिडिओमुळे नोकरी मिळते असं मी म्हणणार नाही. हेडलाइन आणि अनुभव जुळत नसेल तर मी तुझ्या प्रोफाइलपर्यंत येतच नाही, सर्च शब्दांवर चालतो, चेहऱ्यावर नाही. दोघे सारखे असतील तेव्हा उपयोग होतो, एवढंच.

एसक्यू_दादा
आता ते 'आमच्या'. वैदेही, तू सध्या नोकरीत आहेस. हा व्हिडिओ तुझा साहेब बघणार हे धरूनच चाल. लिंक्डइनवर नोकरी शोधतोय हे सांगणारी ओपन टू वर्कची खूण असते, त्यात फक्त रिक्रूटर्सना दिसेल असा पर्याय आहे, आणि तुझ्या कंपनीच्या रिक्रूटर्सपासून लपवायचा ते प्रयत्न करतात, पण खात्री देत नाहीत हे तिथेच लिहिलेलं असतं. आणि तो पर्याय फक्त त्या खुणेसाठी. तू पोस्ट टाकून कॅमेऱ्यात बघून 'मला दुसरीकडे जायचंय' म्हणालीस तर तो पर्याय काय करणार? आमच्याकडे एका मुलाचं असंच झालं, व्हिडिओ छान होता, त्याच्याच प्लँटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारपर्यंत फिरला. काढलं नाही त्याला, पण त्या वर्षीची वाढ गेली.

दुसरं, कस्टमरचं नाव, पार्टचं नाव, किती रिजेक्शन होतं तो आकडा, यातलं काही बोलायचं नाही. तू केलंस ते तुझं, पण तक्रार कस्टमरची आहे आणि आकडे कंपनीचे. 'एका ब्रॅकेटचं' म्हणालीस, तिथेच थांब. 'आमच्या' म्हटलं आणि वर प्रोफाइलवर कंपनीचं नाव आहे म्हणजे झालंच की. आणि लाइनवर उभं राहून शूट करू नकोस, मागे ड्रॉइंग लावलेलं असतं. मला एकाच्या व्हिडिओत मागच्या बोर्डावरचं आख्खं रिजेक्शन वाचता आलं होतं.

वैदेही_चाकण
बाप रे, मी कॅन्टीनच्या बाहेर करणार होते, मागे कंपनीचा बोर्ड येतो म्हणून. मग 'सप्लायर क्वालिटीत जायचंय' हे वाक्यच काढू का?

एसक्यू_दादा
काढ. त्याऐवजी 'हे काम सप्लायरच्या शॉपफ्लोअरवर करायला मला आवडतं.' समजणाऱ्याला समजतं, आणि साहेबाने विचारलं तर यात काही गैर नाही. आत्ताही सप्लायर ऑडिटला जातेस ना?

वैदेही_चाकण
जाते, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी.

भरतीवाली_मावशी
मी इथे दादांशी सहमत नाही. मला स्पष्ट माहिती हवी असते. ही मुलगी जागा शोधतेय का, कुठे येईल, नोटिस पीरियड किती, हे कळलं नाही तर मी पुढचं प्रोफाइल उघडते. नोटिस तीन महिन्यांची असेल तर तेही सांगावं, दोघांचा वेळ वाचतो.

एसक्यू_दादा
मावशी, तुमचं काम सोपं होतं, तिचं अवघड होतं. नोटिस फोनवर सांगेल.

भरतीवाली_मावशी
फोन करायचा की नाही हे मी कशावरून ठरवू पण? असो. ज्याची नोकरी गेलीये किंवा नोटिसवर आहे त्याने बिनधास्त सांगावं. नोकरीत आहे त्याने आपल्या साहेबाचा स्वभाव बघून ठरवावं, यावर आमचं दोघांचं जमणार नाही. एक मधला मार्ग आहे, व्हिडिओत दादांचं वाक्य ठेवायचं आणि मी मेसेज केला की पहिल्या उत्तरात गाव आणि नोटिस लिहायची.

निवृत्त_नाना
एक विचारतो, राग मानू नका. शेवटी 'धन्यवाद'सुद्धा म्हणायचं नाही का?

भरतीवाली_मावशी
म्हणा ना नाना, अर्धा सेकंद लागतो :)

खटपट्या
शूटिंगबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझे दोन पैसे. फोन टेबलावर ठेवून खालून घेऊ नका, नाकपुड्या दिसतात, पुस्तकांची चळत लावून डोळ्यांच्या उंचीला आणा. पंखा बंद. खोली रिकामी असेल तर आवाज घुमतो, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, गादी-उशा असलेली खोली सगळ्यात उत्तम. आणि वायरवाला इअरफोन असेल तर त्याचा माइक कॉलरच्या आत.

ट्यूबखाली काही फोनमध्ये चित्रावर आडवे पट्टे सरकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन ३० फ्रेमने घेतोय. सेटिंगमध्ये अँटीफ्लिकर ५० हर्ट्झ असतं ते लावा, नाहीतर सरळ सकाळी खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे ठेवलीत तर चेहरा काळा.

उकडीचा_मोदक
वाचून दाखवायचं असेल तर? माझं पाठ होत नाही.

खटपट्या
टेलिप्रॉम्प्टरचं अ‍ॅप आहे की, लेन्सच्या अगदी खाली अक्षरं फिरतात, मी तेच वापरतो.

भरतीवाली_मावशी
आणि तुमचे डोळे डावीकडून उजवीकडे जाताना दिसतात. फोन हातभर अंतरावर असला की हमखास दिसतात. वापरायचंच तर फोन लांब ठेवा आणि अक्षरांचा रकाना अरुंद करा. त्यापेक्षा पाठ करू नका, वाचूही नका. पाच मुद्द्यांचे पाच शब्द कागदावर मोठे लिहून लेन्सच्या वर चिकटवा. वैदेहीचं असेल तर: अडकला, वैदेही, बोअर, सप्लायर, रिपोर्ट. फक्त पहिलं वाक्य तेवढं शब्दशः पक्कं करा, कारण तिथे अडखळलात तर पुढचं कोणी ऐकत नाही. एक शब्द इकडे तिकडे झाला तर चालतो, ते बोलल्यासारखं वाटतं.

वैदेही_चाकण
दादा, मावशी, हे आता असं झालंय:

"पार्ट ओके म्हणून जातो. कस्टमरकडे अडकतो. का, ते मी शोधते. मी वैदेही, साडेतीन वर्षं क्वालिटीत आहे. एका ब्रॅकेटचं बोअर लहान येत होतं, दोष ऑपरेटरला जायचा. मी रीडिंग इन्सर्टच्या वयाप्रमाणे लावली. शेवटचे पार्टच बाहेर जात होते. इन्सर्ट लवकर बदललं, तक्रार थांबली. हे काम सप्लायरच्या शॉपफ्लोअरवर करायला मला आवडतं. रिपोर्टचा नमुना खाली आहे. धन्यवाद."

इंग्रजीत आरामात बोलून २६ सेकंद. धन्यवाद नानांसाठी ठेवलंय. रविवारी सकाळी खिडकीत बसून करते. रिपोर्ट म्हणून तोच एटडी लावते, नावं आणि पार्ट नंबर काळ्या पट्टीने झाकून.

निवृत्त_नाना
शाब्बास. छंद मात्र राहिला.

एसक्यू_दादा
वैदेही थांब, तोच एटडी लावायचा नाही. तो कंपनीचा कागद आहे. कोऱ्या फॉरमॅटमध्ये तुझ्या शब्दांत एका पानाचा नवीन लिही, ग्राफचा आकार ठेव पण खरी रीडिंग नको, आणि वर 'नमुना' असं लिही. आणि पीडीएफवर काळी पट्टी ओढून काही झाकलं जात नाही बरं का, खालचं अक्षर सिलेक्ट करून कॉपी होतं. मला एका सप्लायरने असंच झाकून पाठवलेलं कोटेशन मी वाचलंय, दुसऱ्या कस्टमरचा रेट होता त्यात.

उकडीचा_मोदक
दादा, मग रेट कमी करून घेतलात की नाही?